पीठ पाठवू नकोस

हॅम्बुर्ग, ११ जानेवारी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, आबा पाच किलो ज्वारीचं पीठ पार्सल करणार आहेत. तेवढं थांबव त्यांना. फोनवर नीट सांगता आलं नाही, मागे पोरं भांडी आपटत होती, म्हणून लिहितोय.

ऑक्टोबरात इथल्या दुकानातून ज्वारीच्या पिठाचा एक किलोचा पुडा आणला होता. हॉटेलात दुपारी अडीच ते पाच बंद असतं. सगळे पाठ टेकायला जातात, तेव्हा मी गॅस पेटवला. खोलीवरची शेगडी काचेची, तिला जाळच नाही, म्हणून भाकरी हॉटेलातच करायची ठरवली. कोमट पाण्यात पीठ मळलं, थापायला लागलो, तर कडा फाटायला लागल्या. सांधल्या की मधे तडा जायचा. तिसरी भाकरी परातीतून उचलतानाच हातात मोडली. आई, सकाळपासून मी वीस किलो कांदा चिरला होता, त्याचं काही वाटलं नव्हतं. ती भाकरी मोडली आणि मी कोठीत पोत्यावर बसून रडलो. मंगळवेढ्याच्या पोराला ज्वारीची भाकरी जमू नये! त्या रात्री परतीच्या तिकिटाचा भावही बघितला. तुला तेव्हा सांगितलं नाही.

मग पुड्याची मागची बाजू वाचली. पीठ दळून सात महिने झाले होते. चिमूटभर जिभेवर ठेवलं तर कडवट लागलं. म्हणजे विरी गेली होती. तू आठ दिवसांपुरतंच दळून आणायचीस आणि मी गिरणीच्या खेपांना कंटाळायचो, त्याचं कारण मला इतक्या लांब येऊन कळलं. गव्हात चिकटपणा असतो, त्यामुळे गव्हाचं शिळं पीठसुद्धा धरून राहतं. ज्वारीत तो नाही, तिला ताजेपणावरच उभं राहावं लागतं. आबांचं पार्सल इथे पोचेपर्यंत आपल्या मालदांडीचंही तेच होईल. म्हणून पाठवू नकोस.

पुढच्या सोमवारी उकड काढली. आजी पावसाळ्यात जुन्या पिठाची काढायची, तशी. वाटीभर पाणी, चिमूट मीठ, पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद, वाटीभर पीठ टाकून उलथन्याच्या दांड्याने हलवलं आणि झाकून दहा मिनिटं ठेवलं. उकळत्या पाण्यानं पीठ फुगून चिकट होतं, गेलेल्या विरीचं काम तेच करतं. पण कुठं थांबायचं ते मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वेळी पाणी जास्त झालं आणि गोळा हाताला लगदा होऊन चिकटला. दुसऱ्या वेळी उकड थंड होऊ दिली, तर मळताना गुठळ्या राहिल्या. हात भाजतोय असं वाटत असतानाच, तळव्याच्या टाचेनं रगडून मळायला हवं. तंदूरवर काम करून माझे हात आता तेवढे निबर झालेत.

नोव्हेंबर असाच गेला. इथे या दिवसांत सकाळी आठनंतर उजाडतं आणि चारच्या पुढे अंधार पडतो. मी कामाला जातो तेव्हा उजेड असतो, पण आतल्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. दिवसातला माझा असा वेळ म्हणजे दुपारचे ते अडीच तासच. भाकरी बिघडली तरी मी रोज ते अडीच तास तिलाच दिले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक नीट आली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या आत उलटली, मग तवा काढून थेट जाळावर धरली. कडेनं वाफ सुटली आणि पापुद्रा वर आला. टम्म फुगली, आई. तंदूरवाले उस्ताद पंजाबचे, ते उठून आले. त्यांनी तुकडा मोडला, लसणाच्या चटणीत बुडवून खाल्ला आणि म्हणाले, आमच्याकडं मक्याची अशीच थापतात. आता मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्या स्टाफसाठी मी चौदा भाकऱ्या करतो. भांडी घासणारा नेपाळी पोरगा थापायला शिकतोय, त्याच्या अजून फाटतात.

चव आपल्या भाकरीची नाही, खोटं कशाला सांगू. गोडवा कमी आहे आणि गार झाली की लवकर कडक होते. पण पोट भरतं आणि झोप लागते.

शेतात आता हुरडा असेल. आबा राखणीला पहाटे जातात, त्यांना कानटोपी घालायला लाव. मार्चात खळं झालं की मालदांडी दळू नका, माझ्या नावची एक पायली तशीच कडुनिंबाचा पाला घालून ठेव. जूनमध्ये तीन आठवड्यांची सुट्टी मिळतेय. मी आलो की गिरणीत मीच घेऊन जाईन.

तुझा,
धाकटा