आईबाबांचं पत्र अजून बॅगेतच आहे

भांडुप,
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय चिंगे,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या फोनवर घाल, आत्ता वाच. आम्ही सगळे ठीक आहोत, आईचा गुडघा आहे तसाच.

मी आईबाबांना पत्र लिहिलंय. एकाच घरात राहून, दोन खोल्यांत! हसू नकोस. समोर बसून बोलायला गेलं की बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात आणि मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. नोकरीला हो की नाही ते कंपनीला सोमवारपर्यंत कळवायचंय. जॉइनिंग पुढे ढकलता येईल का विचारलं होतं, फार गोड शब्दांत नाही म्हणाले. म्हणजे पत्र उद्यापर्यंत बाबांच्या हातात पडायला हवं, आणि ते एका वाक्यावर अडलंय.

डब्याचं तुला माहीतच आहे. बर्फ टिकवायचा डबा, थर्माकोलपेक्षा जाड भिंतीचा, पक्क्या झाकणाचा, मासे विकणाऱ्या मावशांसाठी. (नाक मुरडू नकोस गं, शाकाहारी माणसा.) स्टेशनजवळच्या बाजारात पाच आठवडे रोज जात होते. घरी आले की आई आधी आंघोळीला पाठवायची. बावीस जणींना नमुना दाखवला. एकजात सगळ्या म्हणाल्या, "बाय, डबा बरा हाय गो." मी हवेत. मग एक दिवस धीर करून म्हटलं, दोनशे रुपये आगाऊ द्या, महिन्याभरात डबा देते. एकीनेच दिले. तेही, "पोरीचं तोंड सुकलंय" म्हणून.

आठवले ना आपले कंदील? चाळीस केले, अकरा खपले, त्यातले सात तुझ्या मावशीने घेतले. तेव्हाही शेजारचे सगळे "किती सुंदर!" म्हणाले होते. तुझं अजून म्हणणं आहे की जास्तीचा कागद मी आणला. तू आणलास. दोन कंदील अजून माळ्यावर आहेत, पुरावा म्हणून.

तर दोनशे रुपये का सुटत नाहीत ते कळेना, म्हणून काटा घेऊन बसले. आमच्या ओळखीच्या मावशी दिवसाला साधारण २५ किलो बर्फ घेतात. त्यांच्याच जुन्या डब्यात १० किलो बर्फ भरला, झाकण लावलं आणि सकाळी आठ ते दुपारी चार हातच लावला नाही. बुचातून येणारं पाणी बादलीत धरलं आणि मोजलं. चार किलोच्या आसपास भरलं. कागदावर गणित केलं होतं तेही तेवढंच: अडीच सेंटिमीटर थर्माकोल, बाहेर तीस डिग्री, आत बर्फ, की भिंतींतून तासाला अर्धा किलो वितळतो. म्हणजे २५ पैकी भिंतीतून जातो चार. बाकीचा फळीवर, उघड्यावर, सुरमई-बांगड्याखाली पसरलेला, आणि गिऱ्हाईक आलं की उघडणाऱ्या झाकणातून. ते कुठला डबा थांबवणार? मासे झाकून ठेवले तर विकायचे कसे!

माझ्या डब्याची भिंत दुप्पट जाड. वाचणार फार तर दोन किलो. सकाळचा बर्फ त्यांना चार रुपये किलोने मिळतो, म्हणजे दिवसाला आठ रुपये. डब्याची किंमत १,८०० रुपये. सव्वादोनशे दिवस धंदा झाला तर पैसे फिटणार, त्यात सोमवार, गुरुवार, शनिवार निम्मं गाव मासे खात नाही आणि १ जूनपासून बोटी बंद. मावशींनी हे गणित मांडलं नव्हतं, तरी उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. पदवी मात्र माझ्याकडे.

म्हणजे डबा मेला. आणि हेच ते वाक्य. लिहू की नको?

नाही लिहिलं तर ती लबाडी होईल. लिहिलं तर बाबा म्हणणार, "मेला ना? मग सोमवारी हो म्हण." त्यांना माझा धंदा दिसतच नाही, त्यांना काका दिसतो. झेरॉक्सच्या दुकानाचं कर्ज काकाचं, जामीन बाबा. बँक आधी काकाच्या मागे लागेल, मग आपल्याकडे येईल, अशी त्यांची समजूत होती. कायद्याने जामीनदार कर्जदाराइतकाच बांधलेला असतो हे त्यांना पहिली नोटीस आल्यावर कळलं. माझी नववी त्यात गेली. सहलीचे पैसे तू भरलेस, ते आईला अजून माहीत नाही.

म्हणून पत्रात पहिल्यांदा हे लिहिलं: "बाबा, मी कर्ज काढणार नाही आणि तुमची सही मागणार नाही. माझ्याकडे ६०,००० आहेत. महिना १४,००० खर्च, त्यातले ८,००० आईच्या हातात. ३१ मेपर्यंत साडेतीन महिने, ४९,०००. उरतील त्यांना हात लावणार नाही." ३१ मे कारण दुसऱ्या दिवशी मासेमारी बंद, मग विचारायचं कुणाला?

आणि शेवटी ते वाक्यही लिहिलंच. "डबा चालणार नाही हे पाच आठवड्यांत आणि ६,२०० रुपयांत कळलं. काकाला कळायला दुकान घ्यावं लागलं." हे दुसरं वाक्य खोडू का? बाबांना लागेल. पण खरं आहे. तू सांग.

"नोकरी करून कर ना" हे आई म्हणणारच. ते कसं समजावू? रविवारी बाजारात मुंगीला वाट नसते, मावशी कोयता थांबवून माझ्याशी काय बोलणार? त्या बोलतात सोमवारी आणि गुरुवारी दुपारी, माश्या वारत बसलेल्या असतात तेव्हा. तेव्हाच तर कळलं की एकच्या सुमाराला बर्फ संपतो, संध्याकाळची गर्दी पाच वाजल्यानंतरची, आणि मधे दुकानातून आठ रुपये किलोने थोडा आणून ढकलतात. ज्यांना परवडत नाही त्या चारलाच वाट्याचा भाव पाडतात.

आता काहीच बनवायचं नाही. हातगाडी भाड्याने घ्यायची, बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून आणायची, दुपारी दोनला बाजारात, सहा रुपये किलो, रोख. उधारी मागितली की समजायचं गरज तेवढी नाही. पंधरा दिवसांत आठ जणी आठवड्यातून तीनदा घेत नसतील तर हेही बंद. हा आकडा आजच वहीत लिहून ठेवलाय, नाहीतर मी मला ओळखते, पाचवर आले तरी "बरंय की" म्हणेन. भीती एकच आहे: वाटेतच किती वितळेल? गोणपाटात गुंडाळून उद्या एकदा नेऊन बघते. आणि सकाळचा बर्फवाला. त्याने दुपारची फेरी सुरू केली तर माझं काय? खरंच माहीत नाही. हे पत्रात लिहिलेलं नाही.

तुझ्या घरमालकिणीने डिपॉझिट दिलं का? आणि तो मराठी शिकणारा मुलगा, "पाणी" शब्दाच्या पुढे गेला का? सविस्तर लिही, मी पुढच्या वेळी नीट विचारेन.

पत्र उद्या सकाळी बाबांच्या चष्म्याच्या घरात ठेवणार आहे, लोकलमध्ये पेपर वाचायला काढतील तेव्हा सापडेल. घरी आईसमोर वाचलं तर दोघं एकमेकांकडे बघून ठरवतील. काकाच्या वाक्याचं तेवढं सातच्या आत कळव. बाबा सव्वासातला निघतात.

तुझीच,
सोनी