डॉक्टर मॅडम, तुम्ही तिला आधी विचारलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुम्ही केसपेपरच्या मागे पेनाने काढून दिलेलं चित्र माझ्या मुलीने तिच्या वहीत चिकटवून ठेवलं आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत, बाहेर एवढी रांग असताना, तुम्ही आम्हाला जो वेळ दिलात त्याबद्दल हे पत्र. तोंडावर आभार मानायला त्या दिवशी मला शब्द फुटला नाही.

माझी मुलगी पाचवीत आहे, नुकतं दहावं सरलंय. तिची आई नोकरीसाठी पुण्यात असते, सुट्टीला येते. त्यामुळे डाव्या बाजूला छातीत गाठ लागतेय हे तिने मलाच सांगितलं, आणि तेही बरेच दिवस मनात ठेवून. माझी आई स्तनाच्या कॅन्सरने गेली. शेवटचे महिने तिने याच घरात, या मुलीच्या डोळ्यांसमोर काढले. गाठ म्हटल्यावर माझ्या पोटात काय झालं असेल, ते तुम्ही समजू शकता.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. तिथे डॉक्टरांनी मुलीकडे नीट पाहिलंही नाही. तिला बाहेर बसवायला सांगितलं आणि मला म्हणाले, "सोनोग्राफी करून घ्या, मग बघू, लागलं तर सुई घालून तुकडा तपासू." दार उघडंच होतं. तिने सगळं ऐकलं. घरी आल्यावर माझी चुलती म्हणाली, पोर वयात आली, आता धावणं-खेळणं बंद करा. हे दोन्ही एकाच आठवड्यात त्या लेकराच्या वाट्याला आलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र खुर्ची टेबलाच्या बाजूला ओढून घेतलीत आणि माझ्याशी नाही, तिच्याशी बोलायला लागलात. पहिला प्रश्न होता, "बाबा इथे थांबले तर चालेल, की बाहेर बसू दे?" ती म्हणाली, थांबू दे. मग तुम्ही विचारलंत, "तुला काय वाटतंय, ही गाठ कशाची असेल?"

मॅडम, हा प्रश्न तोवर तिला कुणीच विचारला नव्हता. ती खाली बघत म्हणाली, "आजीला झालं होतं तेच." तुम्ही "छे, असं काही नसतं" म्हणून ते उडवून लावलं नाहीत. "आजीला गाठ झाली होती, म्हणून तुला भीती वाटली. बरोबर आहे. आता आपण बघू आणि मग मी तुला खरं काय ते सांगते," असं म्हणालात. हात धुतलेत, ते गार होते म्हणून एकमेकांवर चोळून गरम केलेत आणि विचारलंत, "हात लावू का? आधी तूच बोटाने दाखव कुठे आहे ते." तिने दाखवलं. सगळी तपासणी मिनिटभरात झाली, पण तेवढ्या वेळात तिचे आखडलेले खांदे खाली आले, हे मी पाहिलं.

मग तुम्ही चित्र काढलंत. स्तनाग्राच्या बरोबर खाली एक छोटी चकती. "हिला स्तनकळी म्हणतात. शर्टाच्या बटणाएवढी असते, बोटाने हलते, दाबलं की दुखते. मुलींचं अंग वाढायला लागलं की बहुतेकींना पहिली खूण हीच दिसते. आठ ते तेरा वर्षांत कधीही सुरू होते. खूपदा आधी एकाच बाजूला येते, दुसरी काही आठवड्यांनी, कधी सहा महिन्यांनी. तुझ्या वयाच्या मुलींमध्ये आजीसारखा कॅन्सर जवळजवळ कधीच होत नाही." एवढंच सांगून तुम्ही थांबलात आणि तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहिलीत.

तिने विचारलं, मग कापून काढायची का? तुमचं उत्तर मी कधी विसरणार नाही. "मुळीच नाही. पुढे सगळा स्तन याच कळीतून वाढतो. ती कापली किंवा तिला इजा झाली, तर त्या बाजूचा स्तन नीट वाढणारच नाही." मला तेव्हा घाम फुटला, कारण सुईची गोष्ट आम्ही जवळजवळ ठरवूनच आलो होतो. पुन्हा कधी यायचं तेही तुम्ही तिलाच सांगितलंत: जागा लाल होऊन गरम लागली, ताप आला, स्तनाग्रातून रक्त किंवा पू आला, किंवा गाठ स्तनाग्राखाली नसून बाजूला भलतीकडेच लागली, तर लगेच. एरवी ती सारखी दाबून बघायची नाही, त्याने आणखी दुखतं. आतून मऊ सुती शमीज घालायची. कबड्डी? "खेळ की! धक्का लागून दुखलं तर थोडा वेळ बस."

पाळीचा विषय तिनेच काढला. शाळेत मुलींना वेगळ्या खोलीत बसवून पॅड दाखवलं होतं, मुलांना मैदानावर पाठवलं होतं आणि प्रश्न विचारायला वेळच ठेवला नव्हता. तिला वाटत होतं, पाळी उद्याच येणार आणि रक्त वाहतच राहणार. तुम्ही म्हणालात, "कळी आल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. त्याआधी काही महिने चड्डीला पांढरट ओल लागते, तो आजार नाही. रक्त चार-पाच दिवस थोडं थोडं येतं, सगळं मिळून दोन-तीन मोठे चमचे. पहिली एक-दोन वर्षं तारीख पुढेमागे होते." दुखतं का, असं तिने विचारलं तेव्हा खोटं सांगितलं नाहीत. काहींच्या ओटीपोटात कळा येतात, शेकलं की बरं वाटतं. शाळा बुडण्याइतकं दुखलं तर माझ्याकडे ये, म्हणालात. जेवढं विचारलं तेवढंच सांगितलंत, आणि योनी, गर्भाशय हे शब्द तुम्ही कोपर, गुडघा म्हणावं तसे म्हणालात. ती लाजली नाही, मीही लाजलो नाही.

सरकारी दवाखान्यात, एवढ्या गर्दीत, दहा वर्षांच्या पोरीला माणूस समजून तिची परवानगी मागणारी माणसं आहेत. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही की यंत्र लागत नाही. अशी माणसं आपल्याकडे भेटतात, हे मी आता भेटेल त्याला सांगत असतो.

आणखी एक सांगायचं आहे. माझा मोठा मुलगा तेरा वर्षांचा. उन्हाळ्यापासून तो विहिरीवर पोहायला येईना, आला तर बनियन काढेना. तुमच्यासारखंच मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतंय, काय झालंय?" बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, छाती पोरींसारखी होतेय. निघताना तुम्ही ओझरतं बोलला होतात, म्हणून मला ठाऊक होतं. त्याला सांगितलं, या वयात निम्म्याअधिक मुलांना थोडंफार असं होतं, स्तनाग्राखाली गाठ लागते, दुखते, आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. त्याच्या पुढच्या प्रश्नांची उत्तरं मात्र मला येत नव्हती. त्याने ते कागदावर लिहून काढलेत. येत्या सोमवारी ओपीडीत त्याला घेऊन येतोय. कागद त्याच्याच खिशात असेल, तो तुमच्या हाती तोच देईल.

आपला कृतज्ञ,
पाचवीतल्या त्या मुलीचा बाप