गरम वाईन आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास

प्रति,
व्यवस्थापक साहेब

विषय : शनिवारी दुपारी दिलेल्या रेड वाईनच्या बाटलीबाबत

स.न.वि.वि.

लग्नाच्या वाढदिवसानिमित्त गेल्या शनिवारी आम्ही चौघे तुमच्याकडे जेवायला आलो होतो. मटण नेहमीसारखंच फक्कड होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार वाईनची आहे, आणि तिच्यात दोन वेगळे दोष होते.

पहिला दोष उष्णतेचा. बाटली हाताला कोमट लागत होती. वाढणारा मुलगा म्हणाला, "सर, रेड वाईन रूम टेंपरेचरलाच देतात." बरोबर आहे, पण ही रीत युरोपातल्या थंड घरांची. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. बेळगावच्या एप्रिलमधल्या दुपारी काउंटरवरच्या फळीवर ठेवलेली बाटली तीस अंशांच्या खाली कशी राहील? अशा वाईनमध्ये आधी दारूचाच भपका येतो. मी बर्फ आणि पाणी घातलेली बादली मागितली. ती मात्र लगेच मिळाली, आणि पंधरा मिनिटांत बाटली गार झाली.

वास मात्र गेला नाही. खानापूरकडच्या पावसात माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके भिजले की जसा कुबट वास येतो, अगदी तसा. फळाचा वास नावाला नाही. पेला हलवून दहा मिनिटं तसाच ठेवला, तर वास उलट वाढला. नुसती कोंडलेली वाईन असती तर वारा लागून सुधारली असती. हा बुचाचा दोष आहे. बुरशीमुळे बुचात टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते वाईनमध्ये उतरतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्यानेही वाईन वाया जाते. तब्येतीला त्याचा अपाय नाही, पण चव मरते. तुमच्या मुलाने बूच हुंगून "चांगलं आहे" म्हटलं, पण बुचावरून ते खात्रीने कळत नाही. पेल्यातलीच वाईन हुंगावी लागते. सुरुवातीला पाहुण्याला घोटभर ओततात ते त्यासाठीच, आवडली की नाही हे विचारायला नव्हे.

बुचाचा दोष तुमचा नाही, हे मी मान्य करतो. चांगल्या कंपनीच्या बाटलीतही तो निघतो. पण तो दाखवल्यावर बाटली बदलून देणं तुमच्या हातात होतं. "उघडलेली बाटली परत घेत नाही" असं सांगून बिलात १,८५० रुपये पूर्ण लावले गेले. आम्ही दोन घोटांवर पेले ठेवले होते. बाटली जवळजवळ भरलेलीच परत गेली.

ती रक्कम परत करावी, ही विनंती. वितरकाकडे ती बाटली दाखवून बदली मिळते का, तेही विचारून पाहा. आणि बाटल्या त्या फळीवरून तेवढ्या हलवा. शेजारीच कॉफीचं मशीन आहे. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
खिडकीजवळच्या टेबलावरचा ग्राहक
टिळकवाडी, बेळगाव