वाढदिवस पॅकेजच्या बिलात जादा पाहुण्यांसाठी झालेल्या आकारणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, पार्टी हॉल व केटरिंग विभाग

विषय : १२ जादा पाहुण्यांसाठी लावलेले ८,४०० रुपये दुरुस्त करून मिळणेबाबत

महोदय,

आमच्या मुलीच्या वाढदिवसासाठी आपल्याकडे ४० माणसांचे पॅकेज माणशी ७०० रुपयांनी, म्हणजे २८,००० रुपयांना ठरले होते. प्रत्यक्षात ५२ प्लेटा लागल्या. प्लेटांची मोजणी दोन्ही बाजूंनी मिळून झाली असल्याने त्या आकड्याबद्दल वाद नाही. मात्र जादा १२ जणांनाही पूर्ण ७०० रुपये लावले आहेत, ते आम्हाला मान्य नाही.

आपल्याच कोटेशनप्रमाणे २८,००० ची फोड अशी आहे : तीन तासांचा हॉल ८,०००, फुग्यांची कमान व स्टेजची सजावट ६,०००, चार किलो अननस केक ३,२००, नाश्ता माणशी २२० प्रमाणे ८,८०० आणि रिटर्न गिफ्ट ५० रुपयांप्रमाणे २,०००. यातले हॉल आणि सजावटीचे १४,००० रुपये माणसे वाढली म्हणून वाढत नाहीत. ते ४० जणांत वाटले की माणशी ३५० येतात, ६० जणांत वाटले तर साधारण २३३. म्हणजे ७०० मधला निम्मा भाग पहिल्या ४० जणांतच पूर्ण वसूल झाला आहे. ४० पेक्षा कमी पाहुणे आले असते तरी किमान हमी म्हणून आपण ४० चेच पैसे घेतले असते. मग पाहुणे वाढल्यावर तोच हॉल आणि तीच कमान पुन्हा विकता येणार नाही. जादा पाहुण्यांचा वेगळा दर कोटेशनमध्ये लिहिलेलाही नाही.

केक वाढवलाच नाही. ४० जणांना १०० ग्रॅमचा तुकडा धरला होता, तो ५२ जणांत सुमारे ७७ ग्रॅमचा झाला. लहान मुलांना तेवढा पुरतो, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही, पण न दिलेल्या केकचे माणशी ८० रुपये कसे लागतात?

रिटर्न गिफ्ट फक्त मुलांना द्यायची असतात. जादा आलेली ५ धरून मुले २७ होती आणि पैसे ४० गिफ्टचे आधीच भरलेले होते. उरलेली १३ गिफ्ट आम्हाला परत मिळालेली नाहीत.

तेव्हा जादा १२ जणांचा खरा खर्च फक्त नाश्त्याचा, २,६४० रुपये होतो. घेतलेल्या ८,४०० मधून तो वजा करता ५,७६० रुपये जास्त घेतले गेले. त्यात १३ गिफ्टचे ६५० रुपये मिळवून एकूण ६,४१० रुपये आणि त्यावर आकारलेला जीएसटी परत करावा व त्याची क्रेडिट नोट द्यावी. गिफ्टच परत देणार असाल तर ६५० रुपये आणि त्यावरचा जीएसटी वजा करावा.

पुढील ग्राहकांना कोटेशन देताना ठरावीक खर्च आणि माणशी खर्च वेगळे लिहावेत, गिफ्टची संख्या मुलांप्रमाणे विचारून घ्यावी आणि जादा प्लेटचा दर आधीच छापावा, ही विनंती.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू. सोबत कोटेशन, बिल आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्लेट मोजणीची चिठ्ठी जोडली आहे.

आपले,
बुकिंग करणारे पालक