बिलावर नुसते 'माणिक' लिहून चालणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉलमार्क पाहिल्याशिवाय सोने न घेणारे लोकही त्याच अंगठीतल्या खड्याबद्दल काही विचारत नाहीत. हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नाही.

मी जालन्यात जडाईकाम करतो. परतूरकडच्या एक ताई सूर्याची अंगठी सैल करून घ्यायला आल्या. बिलावर लिहिले होते : माणिक, सव्वापाच रत्ती, दर दोन हजार, म्हणजे साडेदहा हजार रुपये. दहापट भिंगाखाली खडा हलवून पाहिला, तर आत निळसर झाक चमकून जाई आणि भेगांत चपटे बुडबुडे दिसत. हा भेगाळलेला, हलक्या प्रतीचा माणिक होता आणि त्याच्या भेगांत शिशाची काच वितळवून भरलेली होती. अशा खड्याला 'कंपोझिट' म्हणतात. शिशाची काच जड असते, म्हणजे ताईंनी काचेचे वजनही माणकाच्या दराने घेतले होते. शिवाय अंगठी सैल करताना खडा न काढता सोन्याला डाग दिला असता, तर ज्योतीने काच वितळली असती आणि नंतरच्या तेजाबाने ती खाल्ली असती. ही काच लिंबाच्या रसानेही खराब होते.

बाकीचे प्रकार वेगळे आहेत. कृत्रिम माणिक हा खोटा नसतो. त्यातले द्रव्य खाणीतल्या माणकाचेच, फक्त ते भट्टीत घडवलेले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉय यांनी तो ज्योतीत घडवण्याची रीत 1902 साली प्रसिद्ध केली. भिंगाखाली त्यात वाकड्या, कमानीसारख्या रेषा दिसतात, खाणीतल्या खड्यातल्या रेषा सरळ असतात. तो काही तासांत तयार होतो, म्हणून त्याला दुर्मिळतेचा भाव लावणे गैर आहे. नकली म्हणजे नुसती लाल काच. तिला काचेचाच भाव. डबलेटमध्ये वर तामड्याची पातळ चकती आणि खाली काच असते. जोडाची रेषा बाजूने दिसते, पण कोंदणात ती झाकली जाते. म्हणून मोठी खरेदी असेल तर खडा सुटा पाहूनच घ्यावा. माझ्या मते डबलेट आणि कंपोझिट रत्तीवर विकूच नयेत, नगावर विकावेत.

बिलावर 'नैसर्गिक', 'नैसर्गिक, उष्णता दिलेला', 'काच भरलेला', 'कृत्रिम', 'डबलेट' किंवा 'नकली' यांपैकी एक शब्द असलाच पाहिजे. उष्णता देणे ही व्यापारात सर्वमान्य गोष्ट आहे, फक्त ती सांगावी. मालाच्या घटकांबद्दल खोटी माहिती देणे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते. मराठवाड्यातल्या सराफ संघटनांनी हे शब्द बिलपुस्तकातच छापून घ्यावेत.

तोवर ज्यांच्या बिलावर नुसते 'माणिक' आहे, त्यांनी अंगठी डाग द्यायला किंवा धुवायला देण्याआधी कारागिराला खडा भिंगाखाली पाहायला सांगावे.

आपला,
एक जडाई कारागीर, जालना