सुध्यास, आर्वीहून परतल्यावर

प्रिय सुध्या,

पोळ्यानंतर पत्र नाही, फोनही तूच केलास आणि त्या फोनवर मी तुले चुकीचं सांगितलं. पार्सलच्या कामात महिन्याले साडेआठ हजार सुटतात म्हणालो. ते मनाले लागून आहे, म्हणून लिहितो. आईचे गुडघे तसेच, बाकी ठीक.

आर्वीच्या एका कृषी केंद्रवाल्यानं हिशेब लिहायले बोलावलं आहे. साडेदहा ते अडीच, महिन्याले सहा हजार. सोमवारी उत्तर द्यायचं. सहा हजार ऐकून मी मनातल्या मनात नाहीच म्हटलं होतं. मग मेसच्या हिशेबावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो ते आठवलं. "हाती उरलं किती ते सांग," हा तुझा हेका. काल रात्री वही काढली.

मागच्या महिन्यात २२ दिवस गेलो, ६१० पार्सलं पोचवली, १४ रुपयांप्रमाणे ८,५४० झाले. गाडी रोज ७० किलोमीटर फिरली, त्याचं पेट्रोल सव्वातीन हजार. ऑइल, पंक्चर, टायरसाठी बाजूले काढलेले ६०० आणि रिचार्जचे ३००. उरले ४,४००. त्यासाठी रोजचे नऊ तास. नाल्याले पूर आला की पार्सल परत जाते अन् परत गेलेल्याचा एक रुपया मिळत नाही, पेट्रोल मात्र जळलेलं असते. खरी गोम इथंच आहे : खर्च गावांवर ठरतो, कमाई पार्सलांवर. दिवाळीत त्याच रस्त्यावर दुप्पट पार्सलं असतात, पेट्रोल थोडंच वाढते, तेव्हा याच्या दुपटीहून जास्त उरले होते. पण बचत गटाचा हप्ता दर ७ तारखेले असतो, तो दिवाळीची वाट पाहत नाही.

आता कृषी केंद्र. एसटीचा पास २० दिवसांच्या भाड्यात महिनाभर चालतो, मले तो १,२०० च्या आसपास पडेल. म्हणजे ४,८०० उरतील. पण सकाळची बस पावणेनऊची अन् परतीची चारची, म्हणजे चार तासांच्या पगारासाठी घराबाहेर आठ तास. गाडीनं गेलो तर सव्वातीनले घरी येईन, पण पेट्रोल-झीज धरून ३,७०० च उरतात. तासाचा भाव काढला तर बस अन् पार्सल जवळजवळ सारखेच निघतात, फरक एवढाच की आठ तासांतले तीन-चार मी बसमध्ये अन् स्टँडवर बसून असतो, पावसात गाडी ढकलत नसतो.

म्हणून बसनंच जायचं ठरवतो आहे. पगार ५ तारखेच्या आत हवा, एवढंच मालकाले आधी विचारीन, नाहीतर हप्त्याचा घोळ तसाच राहील. दिवाळीच्या महिन्यात रविवारी पार्सलं घेता येतील का, तेही हबवर विचारून ठेवतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनी आता बऱ्या आहेत ना? लेकीले शाळेत घातलं का? वही फोटो काढून पाठवतो, चूक दिसली तर रविवारच्या आत फोन कर.

तुझा,
गजा