बाई, त्या चार ओळींसाठी मनापासून आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

माझी धाकटी बहीण तलाठ्याची मंडळ अधिकारी झाली तेव्हा तिच्या फोटोखाली मी चार ओळी टाकल्या. त्या वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीचा फोन आला, पण तिला धड बोलता येईना. दुकानात येणारी माणसं खताचं पोतं बाजूला ठेवून अजून त्याच ओळींबद्दल बोलतात, आणि सगळ्यांना वाटतं की त्या मला सुचल्या. त्या तुम्ही माझ्याकडून वदवून घेतल्यात, हे चारचौघांना कळावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

तलाठी भरतीची परीक्षा आम्ही बहीण-भावांनी एकाच वर्षी दिली होती. ती लागली, मी वडिलांच्या दुकानात बसलो. आमच्या दोघांत त्यावरून कधी एक शब्द झाला नाही, पण गाव ते विसरलं नाही. त्यामुळे तिच्या बढतीवर मी काय लिहितो याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. कमी लिहावं तर म्हणणार, याच्या पोटात दुखतंय. जास्त लिहावं तर म्हणणार, वरवरचं दाखवतोय. मला नुसतं खरं लिहायचं होतं, आणि तेच कुणाकडून मिळेना.

फ्लेक्सवाल्यानं परस्पर 'भावी तहसीलदार' असं छापायला काढलं. मंडळ अधिकाऱ्यानंतर नायब तहसीलदार आणि मग तहसीलदार, ही शिडी त्याला ठाऊक नव्हती असं नाही. पण जे पद तिनं आज कमावलं, ते त्याला फ्लेक्सवर मोठं दिसत नव्हतं. वर तिच्या फोटोच्या दुप्पट आकाराचे शुभेच्छुकांचे फोटो, आणि त्यात मधोमध मी! घरच्या ग्रुपवर एका भावानं सुचवलं, 'ताई साहेब झाली, आता सातबाऱ्याची काळजी मिटली.' महसूल खात्यात इतकी वर्षं हात स्वच्छ ठेवलेल्या बाईला याहून वाईट शुभेच्छा काय द्यायची? ज्यांना लिहायला येतं अशा दोघा-तिघांना विचारलं, तर त्यांनी आकाश, गरुड आणि गगनभरारी पाठवली. बहिणीचं कौतुक करायला माणसांना दुसऱ्या कुणाची तरी वाक्यं लागतात, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग तुमच्याकडे आलो. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही ओट्यावरचं काम तसंच ठेवून चष्मा शोधलात. फोनवरचा तो गगनभरारीचा मजकूर वाचलात आणि धाकटीच्या नावावर अंगठा ठेवलात. अंगठ्यानं स्क्रीन सरकली, तशी तुम्ही ती परत जागेवर आणून नाव पुन्हा झाकलंत. म्हणालात, "आता वाच. हे कुणाच्याही बहिणीला चालेल की नाही?" चाललं असतं. बँकेत बढती मिळालेल्या बहिणीला, पोलिसातल्या बहिणीला, कुणालाही. तुम्ही फोन बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "ती दिवसभर करते काय, ते सांग. असं सांग की जे दुसरा तलाठी करत नसेल."

बाई, तो अंगठा मी विसरणार नाही. इतके दिवस सगळे मला शब्द देत होते. ती करते काय, हे विचारणाऱ्या पहिल्या तुम्ही.

मग मी तिच्या वारस नोंदींबद्दल बोलायला लागलो. घरातला कर्ता माणूस गेला, की मुलगे मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन तलाठ्याकडे येतात. यादीत बऱ्याचदा फक्त मुलगेच असतात. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं कुणी सहज विसरतं, कुणी ठरवून. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, पण कायदा झाला म्हणून यादीत नाव आपोआप येत नाही. कुणीतरी विचारावं लागतं. धाकटी यादी हातात घेतली की आधी विचारायची, "बहिणी किती?" समोरचा म्हणायचा, त्यांना काही नको आहे. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "नाव आधी लागू द्या. सोडायचं असेल तर त्या स्वतः येऊन नोंदणीकृत हक्कसोड पत्र करतील." माणसं चिडायची, वरपर्यंत तक्रारी करायची. ती यादी परत द्यायची आणि पूर्ण करून आणा म्हणायची.

तुम्ही मला तिथंच थांबवलंत. "हेच लिही. असं बोललास तसंच."

ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी त्या ओळी इथं देतो:

'माझी धाकटी बहीण आजपासून मंडळ अधिकारी. वारस नोंदीला कुणीही आलं, की ती आधी विचारायची, "बहिणी किती?" आजवर तिनं नोंदी घातल्या, आता दुसऱ्यांनी घातलेल्या नोंदी ती तपासून प्रमाणित करेल, म्हणजे हा प्रश्न आता अनेक गावांत विचारला जाईल. मला तिचा फार अभिमान वाटतो.'

'मला' हा शब्द मी काढून टाकायला निघालो होतो, म्हणजे मध्येमध्ये आल्यासारखं दिसू नये. तुम्ही ठेवायला लावलात. म्हणालात, भाऊ सगळाच गायब झाला तर ते सरकारी अभिनंदन होतं. एकदाच ये, शेवटी ये, आणि श्रेय घ्यायला येऊ नकोस. म्हणून 'मीच अभ्यास घेतला होता' नाही, 'आमच्या घराण्याचं नाव काढलंस' नाही, 'अखेर न्याय मिळाला' तर नाहीच. पाचवी ओळ मी जोडत होतो, तिलाही तुम्ही नको म्हणालात. खरं बोलून झाल्यावर माणूस बोलत राहिला, की ऐकणाऱ्याला शंका येते.

पदोन्नतीच्या आदेशाचा फोटो टाकू नकोस, हेही तुम्हीच सांगितलंत. आदेशात तिच्याबरोबर इतरांचीही नावं असतात, ज्येष्ठतेचे वाद असतात, कुणाचं नाव राहिलेलं असतं. आणि ती नव्या ठिकाणी रुजू होऊन तिनं स्वतः चार जणांना सांगेपर्यंत थांब, ही तिची बातमी आहे. मी थांबलो. फोटोही तिचा एकटीचा निवडला, बांधावर गाव नकाशा उघडून उभी आहे तो.

बाई, तुमचा आणि धाकटीचा काही संबंध नाही. ती तुमच्या वर्गात नव्हती. तरी निघताना तुम्ही तिच्या हद्दीतली गावं विचारून घेतलीत, कारण तुमच्या माहेरची जमीन त्या बाजूला आहे का हे तुम्हाला पाहायचं होतं. ती नव्हती. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "आमच्या वेळी असं विचारणारं कुणी नव्हतं रे." त्यावर काय बोलावं हे मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही. पण हे मी धाकटीला सांगितलंय. ती पुढच्या रविवारी घरी येतेय आणि आधी तुमच्याकडे येणार आहे. जेवायलाच येतो आम्ही दोघं, तुम्ही काही करत बसू नका, डबा आई देणार आहे.

आपला विद्यार्थी